शिफ्टआधीची मीटिंग, कपडे बदलणं आणि गेटपासून मशीनपर्यंतचं चालणं: यातला पगारी वेळ कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांसाठी आहे. त्यातही औषध आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी, कारण कपडे बदलल्याशिवाय तिथे कामाच्या जागी पाऊलही टाकता येत नाही. एचआर किंवा टाइम ऑफिस सांभाळणाऱ्यांनीही जरूर वाचावं. यातले बरेच वाद हिशेब नीट न मांडल्यामुळे वर्षानुवर्षं चिघळतात.

कायद्यात याबद्दल सरळ काही लिहिलं आहे का?

कारखान्यांपुरतं विचाराल तर नाही. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये रोजचे आणि आठवड्याचे तास होते, मधली सुट्टी होती, जादा कामाला दुप्पट दर होता. पण ‘कामाचे तास’ कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याची व्याख्या नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत दिवसाला आठ तास आणि जादा कामाला दुप्पट वेतन या तरतुदी आहेत. तरीही युनिफॉर्म बदलण्याची दहा मिनिटं मोजायची की नाही, हे सांगणारं वाक्य तिथेही सापडत नाही.

म्हणून ‘कायद्यात लिहिलंच नाही, मग मिळणार नाही’ असं कोणी ठामपणे सांगितलं तर ते खरं धरू नका. ‘कंपनीच्या आवारात पाऊल टाकलं की मीटर सुरू’ हेही तितकंच चूक आहे. उत्तर वस्तुस्थितीवर ठरतं: ती गोष्ट कोणाच्या हुकमाने होते, कुठे करावी लागते, ती टाळली तर काय होतं आणि तिच्याशिवाय तुमचं मुख्य काम होऊ शकतं का.

मग वेळ मोजायचा कुठून?

त्या दिवशी मालकाच्या सक्तीने, मालकाच्या कामासाठी तुम्ही जी पहिली कृती करता, तिथून. तिच्या आधीचं सगळं येणं-जाणं तुमचं. तिथून शेवटच्या सक्तीच्या कृतीपर्यंतचा वेळ कामाचा, त्यातून फक्त खरी मोकळी सुट्टी वजा करायची. माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यांत न्याय्य आणि टिकणारं उत्तर हेच आहे.

ही माझी एकट्याची कल्पना नाही. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमात ‘कामाचे तास’ म्हणजे कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ, अशी व्याख्या होती. गाडी चालू असतानाच्या वेळेबरोबर ‘दुय्यम काम’ही त्यात धरलं होतं: हिशेब देणं, रोकड भरणं, रजिस्टरवर सही करणं, गाडी ताब्यात घेणं. इतकंच काय, जिथे हजेरीची सही होते तिथून गाडी उभी असते तिथपर्यंत जाण्याचा वेळसुद्धा. म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टर घरून डेपोत येतो तो वेळ त्याचा, पण सही केल्यानंतर गाडीपर्यंत चालत जातो तो वेळ कामाचा. आता हा कायदा संहितेत विलीन झाला असला, तरी आपल्याच संसदेने ही रेघ कुठे ओढली होती हे दाखवायला त्याच्याइतका चांगला दाखला नाही. हा कारखान्याला थेट लागू होत नाही. युक्तिवाद म्हणून मात्र तो वजनदार आहे.

शिफ्ट सुरू होण्याआधी दहा मिनिटं मीटिंग असते. तिचा पगार मिळायला हवा का?

हजर राहणं सक्तीचं असेल तर हो. तीन प्रश्नांमध्ये हे सर्वांत सोपं आहे. टूलबॉक्स टॉक असो, आधीच्या पाळीकडून मशीनचा चार्ज घेणं असो, आजचं टार्गेट आणि कालचं रिजेक्शन सांगणं असो, हे सगळं उत्पादनाचंच काम आहे. सुपरवायझर बोलतो तेव्हा तो पगारी असतो आणि ऐकणारे बिनपगारी, याला काहीच आधार नाही.

कंपनी बहुधा म्हणते, ‘मीटिंग ऐच्छिक आहे.’ ती खरोखर ऐच्छिक आहे का हे ओळखायची खूण एकच: न येणाऱ्याचं काय होतं? ६:५० च्या मीटिंगला न आलेल्याला ‘लेट’ लागत असेल, त्याला लाइनवरून काढून दुसरीकडे टाकत असतील, किंवा इन्सेंटिव्हमधून गुण कापत असतील, तर मीटिंग सक्तीची आहे. मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. आणि उशीर ६:५० पासून मोजला जात असेल, तर काम ६:५० ला सुरू होतं हे कंपनीनेच मान्य केलं आहे. असा पुरावा तुमच्या हाती दुसऱ्या कुणी देणार नाही.

ही मीटिंग शिफ्टच्या बाहेर का ढकलली जाते, तेही समजून घ्या. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा तीन पाळ्यांमध्ये चोवीस तास पूर्ण भरतात. चार्ज देण्याघेण्यासाठी दोन पाळ्या थोडा वेळ एकत्र असाव्या लागतात आणि तेवढी जागा वेळापत्रकात नसते. मग ती दहा मिनिटं कामगाराच्या खात्यातून घेतली जातात.

युनिफॉर्म बदलायचा वेळ?

इथे ‘युनिफॉर्म’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात.

कंपनीचा शर्ट-पँट तुम्ही घरून घालून येऊ शकता आणि बरेच जण तसे येतात. कोणी लॉकरमध्ये बदलत असेल तर ती त्याची सोय आहे. हा वेळ सहसा मोजला जात नाही आणि त्यासाठी भांडण्यात फारसा अर्थ नाही. सेफ्टी शूज आणि हेल्मेट चढवायला लागणारं एखादं मिनिटही मी हिशेबात धरणार नाही.

औषध कारखान्यातलं गाऊनिंग मात्र पूर्ण वेगळं. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एम’नुसार उत्पादन विभागात चेंज रूममधूनच जावं लागतं आणि तिथले स्वच्छ कपडे घालावे लागतात. बाहेरचे बूट काढा, बाकावरून पाय पलीकडे टाका, हात धुवा, टोपी, मास्क, ओव्हरऑल, बूटकव्हर, पुन्हा हात निर्जंतुक करा, आरशात पाहून रजिस्टरमध्ये वेळ टाका. निर्जंतुक विभागात याचे आणखी टप्पे असतात. हे कपडे घरी नेता येत नाहीत. क्रम चुकला तर परत पहिल्यापासून. यात कामगाराची सोय काहीच नाही. हे औषध दूषित होऊ नये म्हणून आहे, म्हणजे मालाचं रक्षण आहे. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात डोक्यावरची जाळी, एप्रन, गमबूट घालून हात धुणं याच प्रकारात येतं. शिसं, रंग, कीटकनाशकं अशा घातक पदार्थांच्या कामात उलट बाजूने: तिथे कपडे काढून अंग धुणं हाच महत्त्वाचा भाग, कारण तसंच घरी गेलं तर विष घरात जातं.

तेव्हा कसोटी अशी: कपडे विशिष्ट जागीच बदलावे लागतात का, ते कंपनीने किंवा कायद्याने सक्तीचे केले आहेत का आणि त्यांच्याशिवाय काम करूच देत नाहीत का? तिन्हींना ‘हो’ असेल तर तो वेळ कामाचा.

गेटपासून मशीनपर्यंत चालायला दहा मिनिटं लागतात. आवार मोठं आहे. तेही धरायचं का?

सबंध नाही. या चालण्याचे दोन तुकडे करा. गेट ते लॉकर किंवा चेंज रूम हा पहिला तुकडा प्रवासाचाच भाग आहे आणि तो मोजला जाईल असा भरवसा मी देणार नाही. चेंज रूम ते मीटिंगची जागा किंवा मशीन हा दुसरा तुकडा मोजायला हवा, कारण सक्तीचं काम तोवर सुरू झालेलं असतं आणि मधल्या चालण्याने ते थांबत नाही. परत जातानाही तसंच: मशीन ते चेंज रूम धरायचं, तिथून गेटपर्यंतचं सोडून द्यायचं.

अपवाद एक. गेटवरच काही काम सोपवलं असेल, म्हणजे स्टोअरमधून सामान उचलून न्या, गेटवरच्या ऑफिसातून जॉब कार्ड घ्या, चाव्या आणा, तर घड्याळ तिथूनच सुरू होतं.

गेटवर अपघात झाला तर भरपाई मिळते म्हणतात. मग पगार का नाही?

हा गोंधळ जुना आहे आणि तो चांगले जाणकारही करतात. अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयांनी नोकरीची हद्द मुद्दाम थोडी ताणलेली आहे. मुंबईतलं बेस्टचं प्रकरण याचं नेहमीचं उदाहरण: ड्रायव्हरने काम संपवून जोगेश्वरी डेपोत गाडी लावली, दुसऱ्या बेस्ट बसने सांताक्रूझला घरी निघाला आणि वाटेत अपघातात दगावला. त्याच्या पत्नीला भरपाई मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, कारण त्या नोकरीत ड्रायव्हरने बेस्टच्या बसने ये-जा करणं सेवेचाच भाग होतं. पुढे २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यातही येण्या-जाण्यातल्या अपघातांची तरतूद झाली.

पण त्या ड्रायव्हरला बसने घरी जाण्याचा पगार मिळाला पाहिजे, असं कोणी म्हटलं नव्हतं. भरपाईचा प्रश्न आहे ‘जोखीम नोकरीमुळे आली का’ आणि पगाराचा प्रश्न आहे ‘तुम्ही त्या वेळी मालकाच्या कामात होतात का’. भरपाईचे निकाल पगाराच्या अर्जात जोडले की समोरचा वकील ते दोन मिनिटांत बाजूला करतो आणि तुमची चांगली बाजूही कमकुवत दिसायला लागते.

बाहेरच्या देशांत काय ठरलं आहे?

ते निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण रेघ कुठे पडते ते पाहण्यासारखं आहे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये नागासाकीच्या मित्सुबिशी जहाजबांधणी कारखान्याच्या प्रकरणात सांगितलं की ठरवून दिलेल्या जागी कामाचे कपडे आणि संरक्षक साधनं चढवणं, आणि तिथून सकाळच्या व्यायामाच्या मैदानापर्यंत जाणं, हा कामाचा वेळ आहे. गेट ते कपडे बदलण्याची जागा मात्र नाही.

अमेरिकेत १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आवारातलं चालणंही धरलं होतं. दाव्यांचा पूर आला आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून कामाआधीचं चालणं वगळलं. तरीही १९५६ मध्ये बॅटरी कारखान्यातलं कपडे बदलणं आणि अंघोळ, आणि २००५ मध्ये मांस कारखान्यात संरक्षक साधनं चढवल्यानंतरचं चालणं पगारी ठरलं. २०१४ मध्ये गोदामातून बाहेर पडतानाची झडती मात्र बिनपगारी ठरली. झडतीच्या बाबतीत मला तो निकाल पटत नाही. कामगार स्वतःच्या मर्जीने त्या रांगेत उभा राहत नाही. पण आपल्याकडे झडतीच्या रांगेचा दावा करायचा तर हा दाखला समोरून येणार, हे लक्षात ठेवा.

एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशेब कसा मांडायचा?

समजा, औषधाच्या गोळ्यांचा कारखाना आहे. पहिली पाळी ७:०० ते १५:३०, मध्ये अर्धा तास बिनपगारी जेवण. म्हणजे निव्वळ काम आठ तास, सहा दिवसांचे ४८. एका ऑपरेटरचा दिवस असा जातो: गेटवर पंच ६:३५, लॉकरपर्यंत सहा मिनिटं, मग सहा मिनिटं गाऊनिंग, तीन मिनिटं चालून ६:५० ला मीटिंग, ७:०० ला मशीन. दुपारी १५:३० ला चार्ज दिला, तीन मिनिटं चालणं, पाच मिनिटं गाऊन उतरवणं, मग गेट.

यातलं गेट ते लॉकर सोडून द्या. सकाळचे मोजायचे सहा, तीन आणि दहा, असे १९. संध्याकाळचे तीन आणि पाच, असे आठ. रोजचे २७ मिनिटं. महिन्यात २६ दिवस हजर असेल तर ७०२ मिनिटं, म्हणजे ११ तास ४२ मिनिटं.

त्याचं महिन्याचं वेतन, ओटीसाठी जे धरायचं ते, २०,८०० रुपये समजू. २६ ने भागलं की दिवसाचे ८००, आठने भागलं की तासाचे १००. दुप्पट दराने तासाला २००. ११.७ तासांचे २,३४० रुपये होतात, दर महिन्याला. रजा आणि गैरहजेरीचे दिवस वजा करून प्रत्यक्ष हजेरीवरच हा आकडा काढायचा. सरसकट २६ धरून मागणी केली की पहिल्याच तारखेला आकडा खोटा ठरतो.

आमची पाळी सलग आठ तासांची आहे आणि जेवण त्यातच आहे. आम्हालाही एवढेच मिळतील का?

बहुतेक नाही. इथेच सर्वाधिक लोक फसतात. सात ते तीनच्या पाळीत अर्धा तास जेवणाचा असेल तर निव्वळ काम साडेसात तास. त्यात वरची २७ मिनिटं मिळवली तर ७ तास ५७ मिनिटं, आठवड्याला ४७ तास ४२ मिनिटं. म्हणजे तास कामाचे असूनही आठ आणि ४८ ची मर्यादा ओलांडली जात नाही. कायद्याने मिळणारा दुप्पट दर तिथे उभाच राहत नाही.

मग तुमच्या हाती काय उरतं? करार. तुमच्या नेमणूकपत्रात, स्थायी आदेशांत किंवा युनियनच्या सेटलमेंटमध्ये पगार कशाचा ठरला आहे ते वाचा. ‘पाळी ७ ते ३, जेवणाची सुट्टी पगारी’ असं असेल तर ७ च्या आधीचं प्रत्येक मिनिट करारापेक्षा जादा आहे आणि ते मागता येतं. दर दुप्पट की साधा, हे त्याच कागदावर अवलंबून. अनेक जुन्या सेटलमेंटमध्ये ‘पाळीच्या वेळेपलीकडे केलेल्या कामाला ओटी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि तो कागद वर्षानुवर्षं कोणी उघडलेला नसतो. तो आधी उघडा.

दावा करण्याआधी हा हिशेब स्वतः करून पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शंभर-दोनशे कामगारांच्या आशा वाढवायच्या आणि मग न्यायालयात ४७ तास ४२ मिनिटांचा आकडा समोर यायचा, यात कामगारांचं फार नुकसान होतं.

जेवणाच्या सुट्टीत गाऊन उतरवून पुन्हा चढवावा लागतो. त्याचं काय?

हा मुद्दा मागण्यांच्या यादीत क्वचित दिसतो आणि खरं तर तो सर्वांत भक्कम आहे. जुन्या कारखाने अधिनियमात पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको आणि मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, असा नियम होता. ही विश्रांती म्हणजे कामगार स्वतःचा मालक असतो तो वेळ. वरच्याच उदाहरणात बाहेर यायला तीन मिनिटं चालणं आणि पाच मिनिटं गाऊन उतरवणं, परत जाताना सहा मिनिटं चढवणं आणि तीन मिनिटं चालणं. अर्ध्या तासातली १७ मिनिटं गेली. जेवायला उरली १३.

असं असेल तर दोन गोष्टी एकदम घडतात. विश्रांती नियमापेक्षा कमी पडते आणि ती १७ मिनिटं कामाच्या तासांत जातात. सात ते तीनच्या पाळीतल्या माणसाचे ७ तास ५७ मिनिटं मग ८ तास १४ मिनिटं होतात, आणि आठची रेघ ओलांडली जाते. ज्यांना वरच्या प्रश्नाचं उत्तर वाचून निराशा वाटली असेल, त्यांनी आपली जेवणाची सुट्टी घड्याळ लावून मोजावी.

कंपनीची बसच सव्वासहाला पोचते. सातपर्यंत बसून राहतो. तो वेळ?

बसून राहत असाल, चहा पीत असाल, तर नाही. त्या वेळात कोणी कामाला लावत असेल तर हो, आणि मग तसं कोण, केव्हा लावतं याची नोंद ठेवा.

पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. हे चालतं का?

नाही. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे होतं आणि वेतन संहितेतही आहे. वारंवार उशीर होत असेल तर शिस्तभंगाची कारवाई हा वेगळा मार्ग आहे, पण पगार प्रमाणातच कापला पाहिजे. आणि एक जोडून: जी कंपनी उशिराची पाच मिनिटं मोजते, तिने लवकरची दहा मिनिटंही मोजावीत.

पुरावा काय लागेल? आमच्याकडे फक्त गेटचा पंच आहे.

गेटचा पंच एकटा पुरत नाही. त्यातून तुम्ही आवारात होतात एवढंच दिसतं. चहा, गप्पा, बसची लवकरची वेळ, सगळं त्यात मिसळलेलं असतं. पूर्ण पंच ते पंच वेळ मागणारे अर्ज याच कारणाने कोसळतात.

औषध कारखान्यात मात्र पुरावा कंपनीनेच लिहून ठेवलेला असतो. चेंज रूमचं एंट्री-एक्झिट रजिस्टर, बॅच रेकॉर्डमधल्या सह्या आणि वेळा, टूलबॉक्स टॉकच्या हजेरीपटावरची वेळ. या नोंदी तपासणीसाठी जपाव्याच लागतात, त्यामुळे त्या नंतर ‘सापडत नाहीत’ असं सांगणं कंपनीलाही महागात पडतं. अर्जात ही रजिस्टर्स नाव घेऊन मागवा. त्याशिवाय ‘उद्या सगळ्यांनी ६:५० ला लाइनवर’ असे सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि नोटीस बोर्डावरच्या सूचना जपून ठेवा. गोपनीय बॅच कागदांचे फोटो मात्र काढू नका. त्यावरून शिस्तभंग होऊ शकतो आणि मूळ विषय बाजूला पडतो.

आणि दोन आठवडे पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये रोजच्या वेळा वहीत लिहाव्यात, त्याच दिवशी. गाऊनिंगला कोणाला पाच मिनिटं लागतात, कोणाला नऊ. महिलांच्या चेंज रूममध्ये जागा कमी असेल तर रांगेमुळे आणखी. सगळ्यांत मोठा आकडा न घेता सर्वसाधारण आकडा मागा. तोच टिकतो.

दावा कुठे करायचा आणि मुदत किती?

आधी लेखी मागणी कंपनीकडे, युनियन असेल तर तिच्यामार्फत. हा विषय वाटाघाटीत सुटण्यासारखा आहे, कारण तो सोडवण्याचे मार्ग कंपनीकडेही असतात. तिथे नाही जमलं तर वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कामगार स्वतः, नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक तो करू शकतात. मुदत तीन वर्षं. जुन्या वेतन प्रदान अधिनियमात ती बारा महिने होती, त्यामुळे २१ नोव्हेंबर २०२५ आधीच्या महिन्यांचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडा आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवूनच पुढे जा. वेतन दिलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. पण जादा वेळ काम झालं हे तुम्हालाच दाखवावं लागतं, म्हणून वरच्या नोंदी.

‘मी जादा वेळेचा पगार मागणार नाही’ अशी सही घेतली असेल तर घाबरू नका. संहितेखाली मिळणारी रक्कम सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो.

आम्ही ठेकेदाराचे कामगार आहोत.

नियम तोच. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ठेक्यावरच्या माणसांना अनेकदा कायम कामगारांच्याही आधी बोलावून साफसफाई करून घेतात. तो वेळ तर निर्विवाद कामाचा आहे, आणि अर्जात तो पहिला लिहा.

मी कंपनीच्या बाजूने विचारतो आहे. पाळी न मोडता यावर उपाय काय?

तीन आहेत आणि तिन्ही चालतात. पहिला, हजेरीचं मशीन गेटवरून काढून चेंज रूमच्या दाराशी लावा आणि तिथल्या पंचपासून पाळी मोजा. त्यामुळे गेट ते लॉकरचा वाद संपतो आणि मोजायचा वेळ आपोआप नोंदला जातो. दुसरा, मीटिंग आणि गाऊनिंग आठ तासांच्या आत घ्या. मशीनचा वेळ थोडा कमी होतो. टार्गेट त्याप्रमाणे बदला. मागच्या पाळीच्या दोन-तीन ऑपरेटरना थांबवून त्यांना ओटी दिला तर लाइनही बंद पडत नाही. तिसरा, युनियनशी करार करून रोजची ठरावीक मिनिटं, समजा २५, ओटी म्हणून कायमची धरा. मोजमापाचा त्रास नाही, पण मोजणी दोघांनी एकत्र केलेली असावी आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावी, कारण चेंज रूमची जागा किंवा गाऊनिंगचे टप्पे बदलले की आकडा बदलतो.

जे चालत नाही ते एक: मीटिंगला ‘ऐच्छिक’ म्हणायचं आणि न येणाऱ्याचं नाव टिपून ठेवायचं.

हॉस्पिटल, मॉल, सिक्युरिटी इथेही हेच लागू आहे का?

कायदा वेगळा असू शकतो, कसोटी तीच. नर्सने आधीच्या पाळीकडून रुग्णांचा चार्ज घेणं, गार्डने शस्त्र आणि रजिस्टर ताब्यात घेणं, दुकानातल्या कामगाराने शटर उघडण्याआधी माल लावणं आणि रात्री गल्ला मोजणं हे काम आहे. मॉलच्या पार्किंगपासून दुकानापर्यंतचं चालणं नाही.